‘ते’ म्हणजे काय? एका म्हणीची उलटतपासणी

(येलवाल, म्हैसूर इथे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आलेल्या मराठी मुलामुलींच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण, किरकोळ दुरुस्त्यांसह.)



तुमच्यापैकी काहीजण कविता लिहितात, असं मला सांगितलं गेलं. ज्यांनी कविता आधी पाठवल्या त्या मी वाचल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत एक तरी कविता अशी होती की तिच्यात एखादी जुनी म्हण उलटी करून घातली आहे. आपल्याकडे हे आपसूक घडतं. आपण घरात म्हणी ऐकत वाढलो आणि पुढे शिकल्यावर कळलं की त्यातल्या बऱ्याच म्हणी आपल्यावरच बेतलेल्या होत्या. मग हात शिवशिवतो. म्हणून आज मी एकाच म्हणीबद्दल बोलणार आहे. ती कवितेत घालताना माझ्या हातून काय काय चुकलं, तेही सांगणार आहे.

म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. गाव करी ते राव न करी.

हीच का, तर आपण येलवालमध्ये बसलो आहोत म्हणून. 21 आणि 22 सप्टेंबर 1957 रोजी याच गावात ग्रामदानाची सर्वपक्षीय परिषद झाली. विनोबा होते, जवाहरलाल नेहरू होते, जयप्रकाश नारायण होते, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपादही होते. गावानं आपल्या जमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवावी, या विचाराला सगळ्या पक्षांनी इथे पाठिंबा दिला. एकमेकांशी न पटणारी माणसं एका गोष्टीवर एकत्र आली होती. ती गोष्ट म्हणजे गावाच्या एकीची ताकद. विनोबा आपल्या रायगडातल्या गागोद्याचे. त्यांच्या विचाराचं मराठीतलं सगळ्यात छोटं रूप कोणतं असं कुणी विचारलं, तर मी हीच म्हण सांगेन.

हे मी खिजवण्यासाठी सांगत नाही. भूदानाची सुरुवात 1951 साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत झाली आणि ती तिथल्या दलित कुटुंबांच्या मागणीतून झाली. आम्हाला कसायला 80 एकर जमीन हवी, असं त्यांनी विनोबांना सांगितलं. तिथल्या एका जमीनदारानं 100 एकर देऊ केली. म्हणजे या चळवळीच्या मुळाशी आपलीच भूक होती. पण पोचमपल्ली ते येलवाल या सहा वर्षांत मागणाऱ्या माणसांच्या जागी ‘गाव’ हा शब्द आला. गाव देईल, गाव ठरवेल, गाव वाटेल. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत नेमकं याच शब्दावर बोट ठेवलं होतं. गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, असं ते म्हणाले होते, आणि संविधानानं गावाऐवजी व्यक्तीला एकक मानलं याचा त्यांना आनंद होता. येलवालची परिषद भरली तेव्हा त्यांचं महापरिनिर्वाण होऊन साडेनऊ महिने झाले होते.

आता माझ्या आजीची गोष्ट.

1956 च्या धर्मांतरानंतर आमच्या वाड्यानं मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गावानं आमच्या लोकांवर बहिष्कार टाकला. आजी तेव्हा नवी सून होती, पंधरा-सोळा वर्षांची. तारखा तिला ठाऊक नव्हत्या. खुरपणीचे दिवस होते, एवढं ती सांगायची. म्हणजे इथे परिषद भरली त्याच्याच मागेपुढे. बहिष्कार हा शब्दही ती वापरत नसे. ती म्हणायची, ‘तवा गावानं केलं.’ बस, एवढंच. काय केलं, ते विचारल्यावर मग एकेक सांगायची. गिरणीवाल्यानं दळण घेतलं नाही. दुकानदारानं मीठ दिलं नाही. आडावर पाणी वाढायला कुणी येईना. शेतात जायच्या पाणंदीत काटे टाकले. फौजदार आले, चावडीत बसले, चहा घेतला आणि गेले.

चव्वेचाळीस वर्षांनी, 2001 साली, संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानात आमच्या गावानं भाग घेतला. मी सातवीत होते. चावडीच्या भिंतीला चुना दिला आणि गेरूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, गाव करी ते राव न करी. आजीला वाचता येत नव्हतं. बाजारातून येताना तिनं मला विचारलं, ‘काय लिव्हलंय?’ मी वाचून दाखवलं. ती थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘खरंय.’

मला त्या वेळी काही कळलं नाही. उलट, आजीलाही म्हण पटली म्हणून बरं वाटलं. तिच्या ‘खरंय’चा अर्थ कळायला मला पदवीपर्यंत थांबावं लागलं. कळला, तेव्हा मी कविता लिहायला बसले.

पहिला खर्डा असा होता.

गाव करी ते राव न करी
असं म्हणणाऱ्यांनो, हे खोटं आहे
तुमचं गाव आमचं कधीच नव्हतं
तुमच्या एकीनं आमचा घास हिरावला...

अशा वीस ओळी होत्या. यातली एकही ओळ चुकीची नाही. पण कविता मोठ्यानं वाचली की लक्षात काय राहतं? पहिली ओळ. म्हणजे म्हणच. माझ्या वीस ओळींवर तिची एक ओळ भारी पडत होती. याचं कारण साधं आहे. म्हणीत आठ आणि सात मात्रा आहेत, ‘गाव’ला ‘राव’चं यमक आहे, ‘करी’ला ‘न करी’चा टोला आहे. शेकडो तोंडांतून फिरून ती गुळगुळीत झाली आहे. तिच्यासमोर आपण ‘हे खोटं आहे’ म्हणून वाद घालायला उभे राहतो आणि हरतो, कारण वाद संपवण्यासाठीच म्हण वापरली जाते. पंचायतीत कुणी म्हण टाकली की पुढे बोलणं थांबतं. तिथे आपण लांबलचक खुलासा करत बसलो तर खुलासा करणाराच आरोपी ठरतो.

मग दुसरा खर्डा. या वेळी मी म्हणीचंच हत्यार उचललं.

गाव मारी, राव न तारी.

इथे सात आणि आठ मात्रा आहेत, यमक तसंच आहे, चाल तशीच आहे. म्हणून कानाला आधी जुनी म्हण ऐकू येते आणि पाठोपाठ बदल. म्हणीत शब्द बदलायचा असेल तर तिचा ठेका सांभाळावाच लागतो. मी जर ‘गाव नेहमी मारत असतं आणि राव काही वाचवायला येत नाही’ असं लिहिलं असतं, तर मूळ म्हण कुणाला आठवलीच नसती, आणि मूळ म्हण आठवली नाही तर वळवलं काय, हेही कळत नाही.

ही ओळ मी एका संमेलनात वाचली. टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या. कार्यक्रमानंतर एक गृहस्थ भेटायला आले. मोठी शेती, घरात पूर्वापार पाटीलकी. म्हणाले, ‘ताई, अगदी खरं बोललात. आम्हालाही गावानं लई छळलं, बांधावरून.’ मी हसून मान डोलावली. परतीच्या एसटीत मात्र माझी टाळ्यांची नशा उतरली. माझ्या ओळीत असं काय होतं की ती त्यांनाही जशीच्या तशी बसली?

उत्तर सापडायला वेळ लागला. माझी ओळ उलटी होती, पण तीही म्हणच होती. तिलाही बोलणारा नव्हता, दिवस नव्हता, जागा नव्हती. कुठलंही गाव, कुणालाही मारी. त्यामुळे तिच्यातून जात गळून गेली होती. आणखी एक गोष्ट. जुनी म्हण जसं बोलणं बंद करते तसंच माझ्या ओळीनंही केलं होतं. लोकांनी टाळी दिली आणि विषय संपला. आणि ‘राव न तारी’ हे मला तरी पटत होतं का? ज्या संविधानाच्या आधारानं मी शिकले ते रावाच्याच बाजूचं. म्हणजे यमकासाठी मी खोटंही बोलले होते.

तुमच्या वह्यांमधल्या निम्म्याहून जास्त कविता या दुसऱ्या खर्ड्याच्या टप्प्यावर आहेत. ठेका छान सांभाळलाय, शब्द चपखल बदललाय, ओळ टाळीची आहे. अशा ओळी मोर्चात लागतात, फलकावर लागतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण म्हण ज्या शहाणपणाचा दावा करते त्या शहाणपणालाच प्रश्न विचारायचा असेल, तर नुसतं उलटं शहाणपण सांगून भागत नाही.

मग मी म्हणीकडे व्याकरणाच्या तासाला बघतो तसं बघितलं. गाव करी ते राव न करी. कर्ता कोण? गाव, एकवचन. जणू गाव म्हणजे एकच माणूस, एक तोंड, एक हात. या एकवचनात आमचा वाडा येतो का? चावडी ज्यांची ते गाव, की आडापासून लांब उभे असलेले तेही गाव? वामन निंबाळकरांनी 1973 साली आपल्या संग्रहाला ‘गावकुसाबाहेरील कविता’ असं नाव दिलं, त्यात हीच हरकत आहे. गावाला कूस आहे आणि कुसाबाहेर माणसं आहेत. म्हणीतल्या ‘गाव’ला मात्र कूस दिसत नाही.

क्रियापद कोणतं? करी. आज आपण असं रूप रीतिभूतकाळात वापरतो, ‘आजोबा रोज पहाटे उठत, आजी दळण करी’ असं. म्हणीत ते सर्वकाळचं आहे, काल, आज, उद्या, केव्हाही. त्यामुळे म्हणीला तारीख विचारता येत नाही.

आणि कर्म कोणतं? ‘ते’. गाव करी ‘ते’. हे ‘ते’ म्हणजे काय? रस्ता? देऊळ? धरण? बहिष्कार? म्हण सांगतच नाही. ती जागा रिकामी आहे. प्रत्येक जण ऐकताना तिथे आपल्या मनातलं घालतो. अभियानवाल्यांनी झाडलोट घातली. येलवालला जमलेल्यांनी जमीनवाटप घातलं. माझ्या आजीनं मीठ, दळण, पाणी आणि काटे घातले. आजीनं म्हणीचा एकही शब्द बदलला नव्हता. ‘ते’ म्हणजे काय, एवढंच तिला ठाऊक होतं.

म्हणजे वळवण्याचं काम आजीनं आधीच केलेलं होतं. मला फक्त तिनं पाहिलेलं ‘ते’ मांडायचं होतं, तेही म्हणीच्या आधी, म्हणजे म्हण येईल तेव्हा तिची रिकामी जागा भरलेली असेल.

मग तिसरा खर्डा झाला. तो वाचते.

बुधवारी गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटलाय.
गुरुवारी दुकानातलं मीठ संपलं.
शुक्रवारी आडावर पाणी वाढायला
कुणी आलं नाही.
शनिवारी पाणंदीत काटे पडले.
रविवारी फौजदार आले,
चावडीत चहा घेतला,
गेले.

चव्वेचाळीस वर्षांनी
चावडीला चुना दिला,
गेरूनं अक्षरं काढली :
गाव करी ते
राव न करी.

आजीनं विचारलं, काय लिव्हलंय?
मी वाचून दाखवलं.
आजी म्हणाली,
खरंय.

यात काय काय ठरवून केलं, ते सांगते. तुम्हाला उपयोग होईल.

पहिलं, म्हणीला हात लावलेला नाही. भिंतीवर होती तशी आहे. फक्त तिचे दोन तुकडे दोन ओळींवर ठेवले. त्यानं ‘ते’ ओळीच्या शेवटी आलं आणि वाचणारा तिथे क्षणभर थांबतो. शिवाय दुसरा तुकडा सुटा झाला, ‘राव न करी’. म्हणीत त्याचा अर्थ आहे, रावालाही जमणार नाही. सुटा वाचला तर अर्थ होतो, राव काही करत नाही. फौजदारांचा चहा ताजा असल्यामुळे हा दुसरा अर्थ आपोआप ऐकू येतो. तो मी घुसडलेला नाही, शब्दांत होताच. दुसऱ्या खर्ड्यात ‘राव न तारी’ म्हणून जे मी ओरडून सांगत होते, ते इथे न सांगता आलं, आणि खोटंही ठरत नाही. कारण ते सगळ्या रावांबद्दल नाही, त्या रविवारच्या एका फौजदाराबद्दल आहे.

दुसरं, वार घातले. म्हणीला दिवस नसतो, म्हणून तिच्या समोर दिवस ठेवले. क्रियापदंही सगळी घडून गेलेली आहेत: म्हणाला, संपलं, पडले, गेले. त्यांच्यानंतर एकदम ‘करी’ येतं तेव्हा ते जुनं, भारदस्त रूप कानाला खटकतं. खटकायलाच हवं.

तिसरं, बहिष्कार हा शब्द कुठेही नाही. माझ्या आधीच्या प्रतीत होता. तो असला की वाचणाऱ्याला पहिल्या ओळीलाच सगळं समजतं आणि तो पुढचं वाचल्यासारखं करतो. शिवाय बहिष्काराची खरी रीतच अशी आहे की कुणी ‘बहिष्कार’ म्हणत नाही. पट्टा तुटतो. मीठ संपतं. काटे आपोआप पडतात. प्रत्येक गोष्टीला निमित्त असतं आणि कर्ता कुणीच नसतो. म्हणून ‘काटे पडले’ असं ठेवलं, ‘काटे टाकले’ असं नाही.

ही रीत काही आमच्या एका गावाची नव्हती. मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीनं 1930 च्या अहवालात सामाजिक बहिष्काराचं वर्णन केलं आहे, त्यातही नेहमीच्या वाटा बंद करणं आणि वाण्यानं जिन्नस विकायचं थांबवणं या दोन गोष्टी आहेत. आजीच्या पाणंदीतले काटे आणि दुकानातलं संपलेलं मीठ. मी तो अहवाल वाचला तेव्हा मला वाटलं, आजीनं वाचल्याशिवायच मला तो तोंडपाठ सांगितला होता. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेला दिलेल्या निवेदनात बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. ब्रह्मदेशात 1922 साली बहिष्काराविरुद्ध कायदा झाला होता, त्याचा आधार त्यांनी घेतला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा 2016 चा, अंमलात आला जुलै 2017 मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे गाव जे करी, ते थांबवायला रावाला मागणीनंतर सुमारे 86 वर्षं लागली. हे सगळं मी कवितेत घातलं नाही. पण हे ठाऊक असल्यामुळे काय घालायचं ते मला निवडता आलं. वळवलेली म्हण टिकायची असेल तर तिच्या मागे अशी पक्की माहिती लागते. नाहीतर कुणीही विचारतो, ‘असं कुठे झालं होतं?’ आणि आपण चाचरतो.

चौथं, म्हण शेवटी ठेवली नाही. आधी ठेवली होती. कविता ‘राव न करी’वर संपत होती आणि छान जोरात संपत होती. पण त्यात म्हणीलाच शेवटचा शब्द मिळत होता, पंचायतीत मिळतो तसा. म्हणून ती मध्ये आणली आणि तिच्यानंतर एका न शिकलेल्या बाईला बोलू दिलं. ती विरोध करत नाही. ती ‘खरंय’ म्हणते. आता अडचण वाचणाऱ्याची होते. तो ‘खोटं’ म्हणू शकत नाही, कारण आजी खरं बोलते आहे. आणि पूर्वीसारखं ‘खरं’ही म्हणू शकत नाही.

पाचवी गोष्ट चुकीची आहे, म्हणजे मी केलेली चूक. तिसऱ्या खर्ड्याच्या आधीच्या प्रतीत भिंतीवरची म्हण मी सोमवारी घातली होती. रविवारी फौजदार गेले, सोमवारी चुना दिला. फारच नेटकं बसत होतं. पण ते घडलेलं नव्हतं. बहिष्कार घातला त्याच आठवड्यात गावानं भिंतीवर म्हण लिहिली, असा आरोप मी करत होते आणि तो खोटा होता. एका मैत्रिणीनं विचारलं, ‘हे खरंच सोमवारी लिहिलं होतं?’ मी गप्प बसले. मग ‘चव्वेचाळीस वर्षांनी’ लिहिलं. कविता थोडी सैल झाली, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, खरी बोच तिथेच आहे. चुना देणारी पोरं माझ्या वयाची होती, माझ्या वर्गातली. त्यांना ‘ते’ काय हे ठाऊकच नव्हतं. क्रूरपणा कुणाच्या मनात नसताना म्हण चावडीच्या भिंतीवर चढली. म्हण शहाणपण म्हणून टिकते ती अशी, ‘ते’ विसरल्यामुळे.

आता, वळवणं जमलं की नाही हे ओळखायचं कसं? माझ्यापुरत्या दोन चाचण्या आहेत. कवितेतून म्हण काढून टाका. उरलेली कविता तशीच उभी राहिली, तर म्हण नुसती शोभेची होती. आणि कविता ऐकवल्यावर दोन दिवसांनी त्याच माणसाला बोलता बोलता मूळ म्हण ऐकवा. तो पूर्वीसारखाच मान डोलावत असेल, तर कविता फसली. तो जरा थबकला, ‘कुठलं गाव’ असं मनात तरी म्हणाला, तर जमली.

याच्या मर्यादाही आहेत. इथे येलवालला मी ही कविता एका कन्नड मित्राला ऐकवली. आधी म्हणीचा अर्थ सांगितला, मग कविता. त्यानं नम्रपणे मान हलवली. त्याच्या कानात ती म्हण लहानपणापासून नव्हती, त्यामुळे वळण कुठे आलं ते त्याला जाणवलंच नाही. समजावून सांगितलेली म्हण वळत नाही. पण मग तोच म्हणाला, आमच्याकडेही एक आहे, ऊरु आहे तिथे होलगेरी असायचीच. ऊरु म्हणजे गाव, होलगेरी म्हणजे होलेयांची वस्ती. मी म्हटलं, हिला तर मी ओळखते! आपल्याकडची ‘गाव तिथे महारवाडा’. बोलणाऱ्याला सुचवायचं असतं, चांगल्यात थोडं वाईट असायचंच. आम्ही दोघंही थोडा वेळ बोललो नाही.

त्या म्हणीबद्दल एक सावधगिरी सांगते, कारण एका वहीत ती आहे. जातीचं नाव असलेली म्हण कवितेत घातली की ती वळली तरी मूळ शिवी पुन्हा एकदा तोंडातून जाते. ऐकणारा वळणापर्यंत पोचेलच असं नाही, शिवीपर्यंत नक्की पोचतो. म्हणून ती कोण म्हणतंय हे कवितेत आधी स्पष्ट असू द्या. त्या म्हणीचंही एक सरळ वाचन आहे. गाव तिथे महारवाडा का? कारण वाड्याशिवाय गावाचं चालत नव्हतं. मेलेलं ढोर कोण ओढणार, सांगावा घेऊन कोण धावणार, शीव कोण राखणार? अक्षरशः वाचली तर ती महारवाड्याबद्दल काहीच सांगत नाही, गाव कुणाच्या जिवावर उभं होतं ते सांगते. ज्या मुलीनं ती म्हण घेतली आहे तिनं शेवटी स्वतःचं मत लिहिलं आहे. ती ओळ काढून तिथे वाड्यातल्या एका माणसाचं एका दिवसाचं काम लिहून बघावं, असं मी तिला सुचवेन.

शेवटी आजीबद्दल. ती 2009 साली गेली. कविता तिच्या हयातीत पुरी झाली नाही. पहिला खर्डा मात्र मी तिला वाचून दाखवला होता, तो वीस ओळींचा, ‘हे खोटं आहे’वाला. तिनं शांतपणे ऐकला आणि विचारलं, ‘खोटं कशाला म्हंतीस? खोटं असतं तर बरं झालं असतं की.’

मी ते वाक्य तेव्हा वहीत लिहून ठेवलं नाही. खर्डा दुरुस्त करायला मला त्यानंतर चार वर्षं लागली.

आता तुमच्या कविता काढा. ज्यांच्या कवितेत म्हण आहे त्यांनी आधी म्हणीखाली रेघ ओढा आणि तिच्यात ‘ते’सारखी रिकामी जागा कुठे आहे ते शोधा. मग एकेक वाचू.

जयभीम.